‘पाट’ आणि ‘पात’: मूर्धन्य व दंत्य स्पर्श ओळखण्याची, मोजण्याची आणि नीट वर्णन करण्याची पद्धत

‘ट’ मूर्धन्य आणि ‘त’ दंत्य, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. पण ध्वनिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला, बोलीच्या सर्वेक्षणात किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना मराठी शिकवताना प्रश्न येतो, की ‘पाट’ म्हणताना जीभ नेमकी कुठे टेकते, तिचा कुठला भाग टेकतो आणि कानाला फरक कशामुळे कळतो? या तीन प्रश्नांची उत्तरं घरी, थोड्या साहित्यावर, स्वतःच्या तोंडातून काढता येतात. हा लेख ‘पाट’ आणि ‘पात’ (कांद्याची पात) ही एकच जोडी घेऊन शेवटपर्यंत जातो. एक जोडी हातात बसली, की वाट–वात, गाडी–गादी, पट्टा–पत्ता या जोड्या त्याच वाटेने तपासता येतात.

## 1. ‘कुठे’ आणि ‘कशाने’ हे दोन प्रश्न आधी वेगळे करा

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. ‘दंत्य’ हे जागेचं नाव आहे: वरच्या दातांची मागची बाजू. जिभेचा कुठला भाग तिथे लागला, हे त्या नावात येत नाही. उलट ‘मूर्धन्य’ म्हणताना आपल्या मनात जागाही असते आणि जीभ वळवण्याची क्रियाही असते, आणि दोन्ही एकाच शब्दात मिसळून जातात.

वेदांच्या उच्चारांचे नियम लिहिणाऱ्या जुन्या प्रातिशाख्यकारांनी ही गल्लत केली नव्हती. त्यांनी ‘स्थान’ म्हणजे जिथे स्पर्श होतो ती जागा आणि ‘करण’ म्हणजे ज्याने स्पर्श होतो तो अवयव, असे दोन रकाने ठेवले होते. अथर्ववेदाच्या प्रातिशाख्यात मूर्धन्यांसाठी जिभेचं टोक ‘प्रतिवेष्टित’, म्हणजे मागे वळवलेलं, आणि दंत्यांसाठी ‘प्रस्तीर्ण’, म्हणजे पसरलेलं, असं सांगितलं आहे. आजच्या प्रयोगशाळेतही नेमके हेच दोन रकाने भरावे लागतात.

जिभेचे तीन भाग आरशात पाहून पक्के करून घ्या.

टोक (जिह्वाग्र): जीभ सैल ठेवली की दातांकडे तोंड करून असलेली कड, आणि वरच्या बाजूचे तिला लागून असलेले एक-दोन मिलिमीटर. याने होणाऱ्या स्पर्शाला एपिकल म्हणतात.

पातं (जिह्वाफलक): टोकामागचा वरच्या पृष्ठाचा साधारण एक ते दीड सेंटीमीटरचा पट्टा. जीभ स्वस्थ असताना तो दातांमागच्या उंचवट्याच्या खाली येतो. याचा स्पर्श तो लॅमिनल.

टोकाची खालची बाजू: जीभ उचलून मागे वळवली तरच ही वर येते. हिचा स्पर्श तो सबएपिकल.

वरच्या बाजूच्या जागाही बोटाने चाचपून घ्या. हात धुऊन तर्जनी वरच्या दातांच्या मागे लावा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी दात, मग हिरडीचा फुगीर उंचवटा (दंतमूल किंवा वर्त्स), मग तो उंचवटा संपून तालू एकदम वर चढते ते वळण, आणि पुढे कठोर तालूचा घुमट. ते वळण नीट लक्षात ठेवा, कारण मराठी ‘ट’ची बरीचशी कथा त्याच्या आसपास घडते.

इथला पहिला सापळा ‘मूर्धा’ या शब्दाने लावलेला आहे. मूर्धा म्हणजे माथा, म्हणून शिकणारा माणूस जीभ थेट घुमटाच्या माथ्यापर्यंत ओढतो. तसा ‘ट’ काढता येतो, पण मराठी माणूस रोजच्या बोलण्यात एवढ्या मागे सहसा जात नाही. लॅडफोगेड आणि भास्करराव या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1983 साली क्ष-किरण चित्रांवरून हिंदी, तमिळ आणि तेलुगू मूर्धन्यांची तुलना प्रसिद्ध केली. हिंदीत टोक दंतमूलाच्या मागच्या वळणाशी टेकलेलं दिसलं, तर तमिळ-तेलुगूत जीभ खूपच जास्त वळून तिची खालची बाजू कठोर तालूला लागलेली दिसली. तिघांनाही आपण ‘मूर्धन्य’च म्हणतो. म्हणून तुमच्या वर्णनात तो शब्द लिहून काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

## 2. साहित्य जमवा

- अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड, खाण्यायोग्य प्रतीची. केमिस्टकडे कॅप्सूल मिळतात, त्या फोडून अर्धा चमचा पूड पुरे.
- तितकंच खाद्यतेल. ऑलिव्ह तेलाचा प्रघात आहे, घरचं कुठलंही सौम्य वासाचं तेल चालतं.
- साधारण एक सेंटीमीटर रुंदीचा नवा, मऊ, चपटा ब्रश.
- तालूचा फोटो काढायला लांबट आरसा. दंतवैद्यकीय साहित्याच्या दुकानात तोंडाच्या आतले फोटो काढायचे आरसे मिळतात, तोच घ्या. कापून आणलेल्या साध्या काचेची धार तोंडात घालू नका.
- फ्लॅश असलेला मोबाइल, टॉर्च, टिश्यू, कोमट पाणी, आणि मदतीला एक माणूस.
- ध्वनिमुद्रणासाठी बरा मायक्रोफोन आणि संगणकावर Praat हा आवाज तपासायचा मोफत प्रोग्राम.

एक सूचना मनापासून: चारकोल औषधं शोषून घेतो. रोजची गोळी घेणाऱ्याने, गरोदर स्त्रीने आणि लहान मुलांनी हा प्रयोग करू नये. त्यांच्यासाठी आवाजाचा भाग (पायरी 6 पासून पुढे) पुरेसा आहे.

## 3. शब्द निवडताना काटेकोर राहा

डाग पाहण्याच्या प्रयोगात जीभ संपूर्ण शब्दात एकदाच वर टेकली पाहिजे. ‘ताट’ किंवा ‘टाच’ घेतलं तर दोन स्पर्शांचे डाग एकमेकांवर चढतात आणि कुठला कोणाचा ते कधीच कळत नाही. म्हणून ‘पाट’ आणि ‘पात’. ‘प’ ओठांचा आहे, ‘आ’ला जीभ खाली असते, उरतो फक्त ‘ट’ किंवा ‘त’.

‘पाटी–पाती’ ही जोडी मोह घालते, पण ‘ई’ म्हणताना जिभेच्या कडा तालूला दोन्ही बाजूंनी घासतात, आणि शिवाय ‘ई’च्या शेजारी मूर्धन्य स्पर्श पुढे सरकतो. तिची पाळी नंतर, मुद्दाम तुलना करायला.

‘ड’ सुरुवातीला टाळा. ‘गाडी’तला ‘ड’ दोन स्वरांमध्ये येतो आणि पूर्ण अडवणूक न होता जीभ नुसती फटका मारून जाते. हिंदीने त्यासाठी नुक्त्याचं ‘ड़’ वेगळं ठेवलं आहे, मराठी लिपीत ती सोय नाही, म्हणून कागदावरून हा फरक लक्षात येत नाही. ‘ठ’ आणि ‘थ’सुद्धा नंतर घ्या. त्यांच्या श्वासाच्या फुंकरीत पुढच्या स्वराची सुरुवात झाकली जाते.

## 4. डागांचा प्रयोग: आधी जीभ रंगवा, मग तालू

चारकोल आणि तेल समभाग घेऊन मलईसारखं मिश्रण करा. पातळ झालं तर ओघळतं, घट्ट झालं तर गुठळ्या राहतात.

पहिली फेरी, ‘कुठे’ याचं उत्तर. जीभ टिश्यूने टिपून घ्या. टोक, कडा, पातं आणि टोकाची खालची बाजू, सगळीकडे मिश्रण लावा. खालची बाजू रंगवायला नवशिके हमखास विसरतात, आणि मग जीभ जास्त वळवणाऱ्या माणसाच्या तालूवर डागच उमटत नाही. रंगवून झालं की तोंड उघडं ठेवा, गिळू नका, आणि एकदाच, नेहमीच्या गतीने ‘पाट’ म्हणा. लगेच तोंड उघडा. आरसा आधी कोमट पाण्यात बुडवून पुसलेला असावा, नाहीतर श्वासाने धुरकटतो. तो खालच्या दातांवरून तिरपा आत सरकवून तालूचं प्रतिबिंब दिसेल असा धरा आणि मदतनिसाला फोटो काढू द्या. फोटोत वरचे पुढचे दात आलेच पाहिजेत. ते चौकटीबाहेर राहिले तर डाग किती मागे आहे हे मोजायला आधारच उरत नाही.

चूळ भरा, जीभ-दात स्वच्छ करा, आणि हेच ‘पात’साठी करा.

दुसरी फेरी, ‘कशाने’ याचं उत्तर. आता जीभ स्वच्छ ठेवा आणि दातांची मागची बाजू, दंतमूल आणि तालूचा पुढचा अर्धा भाग रंगवा. शब्द म्हणा, मग जीभ बाहेर काढून फोटो घ्या. लगेच जीभ वर उचलून खालच्या बाजूचाही फोटो घ्या. दोन्ही फोटो नसतील तर एपिकल आणि सबएपिकल यांतला निवाडा करता येत नाही.

प्रत्येक शब्दाच्या तीन-तीन आवृत्त्या घ्या. पहिली बहुधा बिघडते, कारण तोंडात तेल असताना माणूस जपून, अडखळत बोलतो. आरशातली प्रतिमा उलट असते, हे डावी-उजवी बाजू लिहिताना ध्यानात असू द्या.

## 5. फोटो वाचा

‘पात’मध्ये पहिल्या फेरीत वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला काळा डाग दिसेल आणि तो बहुधा दंतमूलाच्या पुढच्या भागावरही पसरलेला असेल. दुसऱ्या फेरीत जिभेवर पाहा. टोकापासून मागे रुंद पट्टा काळा झाला असेल तर तुमचा ‘त’ लॅमिनल आहे. फक्त कडेवर बारीक रेघ असेल तर एपिकल. दोन्ही प्रकारचे ‘त’ सापडतात, आणि मराठी कानाला दोन्ही चालतात, म्हणून ‘सगळ्यांचा असाच असतो’ असं गृहीत धरून लिहू नका.

‘पाट’मध्ये पुढचे दात स्वच्छ राहायला हवेत. डाग दंतमूलाच्या मागच्या उतारावर किंवा वळणाच्या आसपास आडव्या पट्ट्यासारखा असेल. जिभेवर डाग फक्त टोकाच्या कडेवर असेल तर एपिकल. वरून जीभ जवळजवळ स्वच्छ आणि खालून टोकाजवळ काळी असेल तर सबएपिकल.

दोन्ही शब्दांत डाग दाढांच्या बाजूने मागे जाताना दिसेल आणि सगळ्याचा आकार नालासारखा होईल. ते बरोबरच आहे. हवा बाजूने निसटू नये म्हणून जिभेच्या कडा तिथे चिकटलेल्या असतात. तुलना करायची ती नालाच्या पुढच्या कमानीची. बाजू नुसत्या तुटक दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, पण पुढची कमान तुटलेली दिसली तर शब्द पुन्हा म्हणा, कारण अडवणूकच पूर्ण झालेली नाही.

आता महत्त्वाची मर्यादा. डाग हा सबंध स्पर्शाची बेरीज दाखवतो. ‘ट’ म्हणताना जीभ मागे टेकते आणि टेकलेली असतानाच पुढे घसरत जाते, आणि सुटते तेव्हा ती टेकली होती त्या जागेच्या पुढे असते. त्यामुळे ‘पाट’चा डाग ‘पात’पेक्षा रुंद दिसला तर ‘स्पर्श रुंद आहे’ असा निष्कर्ष काढू नका. अरुंद स्पर्शच सरकत गेला असू शकतो. कधी कुठे होता हे डाग सांगत नाही. ते आवाज सांगतो.

## 6. आवाज वेगळा का येतो ते समजून घ्या

पेल्यात पाणी भरताना आवाज चढत जातो, कारण वरची रिकामी जागा आखूड होत जाते. तोंडातही जीभ जिथे टेकते तिच्या पुढची, ओठांपर्यंतची पोकळी जितकी लांब तितका तिचा गुंजनस्वर खालचा. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या नळीसाठी ढोबळ सूत्र असं:

`f = c / 4L`

तोंडातल्या उबदार हवेत आवाजाचा वेग c साधारण 35,000 सेंटीमीटर प्रतिसेकंद धरतात. ‘त’साठी दातांच्या पुढे पोकळी जवळपास नसतेच, L एक सेंटीमीटर धरली तरी उत्तर 8,750 हर्ट्झ येतं. एवढ्या वरच्या पट्टीत तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ‘त’ सुटताना होणारा स्फोट हलका आणि सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो, त्याला ठळक रंग नसतो.

‘ट’साठी टोक मागे गेलंच, शिवाय जीभ उचलल्याने तिच्या खाली एक नवीन रिकामी जागा उघडली आणि ती पुढच्या पोकळीला जोडली गेली. ‘त’मध्ये ही जागा जिभेनेच भरलेली असते. सगळं मिळून L साडेतीन सेंटीमीटर धरली तर 2,500 हर्ट्झ, साडेचार धरली तर सुमारे 1,940 हर्ट्झ. म्हणून ‘ट’चा स्फोट जोरकस असतो आणि त्याची ताकद मधल्या पट्टीत एकवटलेली असते. हा हिशेब ढोबळ आहे. जिभेखालची जागा ही सरळ नळी नसून बाजूचा कप्पा आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

याच कारणाने जीभ ‘ट’कडे वळत असतानाच आधीच्या स्वराचा तिसरा फॉर्मंट, म्हणजे खालून तिसरा गुंजनपट्टा, खाली ओढला जातो. चौथाही उतरतो, आणि तिसरा दुसऱ्याच्या जवळ येतो. ‘त’कडे जाताना तिसरा पट्टा साधारण सपाट राहतो किंवा किंचित चढतो.

आता पायरी 5 मधली घसरण इथे जोडा. ‘ट’ टेकतो तेव्हा जीभ सर्वांत जास्त मागे वळलेली असते, सुटतो तेव्हा बरीच पुढे आलेली असते. म्हणजे मूर्धन्यपणाचा ठसा आधीच्या स्वरावर गडद आणि नंतरच्या स्वरावर फिका. ‘पाट–पात’मध्ये कान ‘आ’च्या शेवटाकडे लक्ष देतो, ‘टप–तप’मध्ये आधीचा स्वरच नाही, तेव्हा सगळा भार स्फोटावर येतो. आवाज दबका असला किंवा खोलीत पंखा गरगरत असला की ‘टप–तप’ ओळखणं आधी कठीण होतं, ते म्हणूनच.

## 7. Praat मध्ये मोजा

आता बोलायचा मजकूर बदला: ‘पाट आहे’ आणि ‘पात आहे’. शब्दाच्या शेवटचा ‘ट’ कधी कधी सुटतच नाही. पुढे ‘आ’ आला की सुटतो, आणि स्पर्शाच्या दोन्ही बाजूंना एकच स्वर मिळतो. दोन्ही वाक्यं पाच-पाच वेळा, आलटून पालटून म्हणा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीतभर, किंचित बाजूला.

WAV, मोनो, 44100 हर्ट्झ अशी नोंद करा. मोबाइलच्या रेकॉर्डरची m4a फाइल Praat उघडत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या आवाजात वरच्या पट्ट्या कापलेल्या असतात. फाइलींना `paaT` आणि `paat` अशी नावं देऊ नका. विंडोजला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटत नाही आणि दुसरी फाइल पहिलीवर चढते. `paat_m` (मूर्धन्य) आणि `paat_d` (दंत्य) ठेवा.

फाइल उघडून `View & Edit` दाबा आणि अर्ध्या सेकंदाचा तुकडा दिसेपर्यंत जवळ जा. ‘आ’मध्ये उभ्या रेघांची रांग दिसेल, ती संपते तिथे जीभ टेकली. मग कोरी पट्टी, मग स्फोटाची एक उभी तीक्ष्ण रेघ, मग पुढचा ‘आ’. पहिल्या ‘आ’चा मध्य आणि त्याचा शेवट, म्हणजे रेघांची रांग संपण्याच्या सुमारे 10 मिलिसेकंद आधीचा क्षण, या दोन वेळा टिपून घ्या. त्या खालच्या स्क्रिप्टमध्ये घाला. इथे मध्य 0.210 आणि शेवट 0.325 सेकंद असा नमुना घेतला आहे.

```
selectObject: "Sound paat_m"
To Formant (burg): 0, 5, 5000, 0.025, 50
madhya = Get value at time: 3, 0.210, "hertz", "Linear"
shevat = Get value at time: 3, 0.325, "hertz", "Linear"
writeInfoLine: fixed$ (madhya, 0), " ", fixed$ (shevat, 0)
```

पुरुषाच्या आवाजासाठी 5000, स्त्रीच्या आवाजासाठी 5500. समजा, पुरुषाच्या आवाजात ‘पाट’साठी 2450 आणि 2050 आले, तर तिसरा पट्टा 400 हर्ट्झ उतरला. त्याच माणसाच्या ‘पात’ला 2450 आणि 2500 आले, तर तो किंचित चढला. दोन उत्तरांच्या चिन्हातच फरक आहे. एकाच माणसाची अशीच तुलना करा. एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, कारण प्रत्येकाच्या तोंडाची लांबी वेगळी.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, मोजणी स्फोटानंतरच्या ‘आ’वर केली जाते, दोन्ही शब्दांचे आकडे जवळजवळ सारखे येतात आणि ‘या माणसाचा ट मूर्धन्य नाही’ असं चुकीचं टिपण होतं. दुसरी, ‘ट’जवळ दुसरा आणि तिसरा पट्टा इतके जवळ येतात की प्रोग्राम दोघांना एकच समजतो, आणि ‘तिसरा’ म्हणून भलताच, 3000च्या वरचा आकडा देतो. पडद्यावरचे लाल ठिपके एकदम उडी मारताना दिसले तर हेच झालं आहे. 5000च्या जागी 4500 किंवा 5500 घालून पाहा, आणि शेवटी राखाडी चित्रातल्या काळ्या पट्ट्याला डोळ्याने जो उतार दिसतो त्याच्याशी ताडून घ्या. तिसरी, शेवटचं माप अडवणुकीच्या आत जाऊन घेतलं जातं, जिथे स्वरच उरलेला नसतो.

## 8. कानाला ओळखता येत नसेल तर

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना ‘पट्टा’ आणि ‘पत्ता’ सारखेच ऐकू येतात, तेव्हा दोष त्यांच्या कानाचा नाही. वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘ट–त’ फरकाला प्रतिसाद देतात आणि वर्षाची होत आली की तो बहुतांशी मावळतो, कारण त्यांच्या आसपासच्या भाषेत तो लागतच नाही. इंग्रजीचा आपला t दंतमूलावर, दोघांच्या मधल्या जागेत असतो. आपण त्याला ‘ट’ ऐकतो (टेबल, टीचर), कारण तो दातांवर नाही आणि त्याचा स्फोट जोरकस आहे.

अशा विद्यार्थ्याला ‘टप–तप’पासून सुरुवात करून देणं ही सगळ्यात अवघड वाट आहे. आधी ‘पट्टा–पत्ता’, ‘वाट–वात’ द्या, जिथे आधीच्या स्वरात खूण गडद आहे. उच्चारासाठी ‘त’ची जागा त्याला इंग्रजी think च्या सुरुवातीवरून सापडते: जीभ तिथेच ठेवून हवा पूर्ण अडवायची. ‘ट’साठी अमेरिकन वळणाचा विद्यार्थी असेल तर part हा शब्द म्हणायला लावा आणि r च्या स्थितीतून जीभ सरळ वर टेकवायला सांगा; त्या r मध्येही तिसरा फॉर्मंट खाली असतो, त्यामुळे कानाला ओळखीचं वाटतं. मात्र r नंतर काढून टाकायला लावा, नाहीतर ‘पाट’चा ‘पार्ट’ कायम राहतो.

बोलींचं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगण्यासारखी आहे. मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’ ‘न’मध्ये मिसळतो (पाणी–पानी), वऱ्हाडीत ‘ळ’ची जागा ‘य’ घेतो (डोळा–डोया), पण त्याच बोलींत ‘ट–त’ आणि ‘ड–द’ मात्र शाबूत राहतात. म्हणून ‘या बोलीत मूर्धन्य नाहीत’ असं सरसकट लिहू नका. स्पर्श, अनुनासिक आणि ‘ळ’ वेगवेगळे तपासा.

## 9. वर्णन लिहा

आता प्रत्येक ध्वनीसाठी चार गोष्टी लिहा: स्थान, करण, कुठल्या शब्दात आणि कुठल्या स्वराशेजारी, आणि पुरावा कुठला. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली, म्हणजे आयपीएमधली, चिन्हं अशी:

- `t̪` दंत्य. खालची खूण U+032A.
- `t̻` लॅमिनल. खालचा चौकोन U+033B.
- `t̺` एपिकल. उलटी कमान U+033A.
- `ʈ` मूर्धन्य. U+0288.

दंत्य आणि लॅमिनल अशा दोन्ही खुणा एकाच अक्षराखाली देता येतात, पण अनेक फॉन्टमध्ये त्या एकमेकींवर चढतात. छापायचं असेल तर खूण एकच ठेवा आणि दुसरी गोष्ट शब्दांत लिहा. `ʈ` हे चिन्ह एपिकल की सबएपिकल ते सांगत नाही, आणि सबएपिकलसाठी आयपीएमध्ये वेगळी खूणही नाही. ते शब्दांतच लिहावं लागतं.

आपल्या जोडीची नोंद मग अशी होईल:

‘पात’: `t̪`, स्थान वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू आणि दंतमूलाची पुढची कड, करण पातं (लॅमिनल), जिभेवरचा डाग टोकापासून मागे सुमारे एक सेंटीमीटर, ‘आ’नंतर, शब्दाच्या शेवटी, तिसरा फॉर्मंट बंद होताना 50 हर्ट्झ वर.

‘पाट’: `ʈ`, स्थान दंतमूलामागचा उतार, करण टोक (एपिकल), जिभेची खालची बाजू स्वच्छ, ‘आ’नंतर, शब्दाच्या शेवटी, तिसरा फॉर्मंट बंद होताना 400 हर्ट्झ खाली, तालूवरचा डाग रुंद, जीभ पुढे घसरल्याची शक्यता.

फोटो नसताना फक्त ध्वनिमुद्रण असेल तर करणाचा रकाना कोरा ठेवा. उतरलेला तिसरा फॉर्मंट जीभ वळल्याचं सांगतो. तिचं टोक लागलं की खालची बाजू, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.